डावी मूठ

सकाळपासून दवाखान्याच्या लसीकरण कक्षात मी तोच फॉर्म तिसऱ्यांदा भरत होते. नर्सिंगच्या असाइनमेंटसाठी एका बाळाच्या विकासाचे टप्पे तपासायचे आणि पालकांना समजावून सांगायचं, एवढंच काम. पहिलं बाळ झोपून राहिलं. दुसऱ्याच्या बापाला बसची घाई. हे तिसरं दहा महिन्यांचं, लसीसाठी आलेलं, आणि त्याची आजी माझा प्रश्न संपायच्या आत उत्तर देत होती.

"आधाराशिवाय बसतो?"

"बसतो काय, धावायचाच बाकी आहे."

"आजी, मी आईला विचारतेय."

"तिला विचारून काय होणार? दिवसभर मीच सांभाळते."

आई बाळाचं झबलं सारखं करत राहिली. सगळ्या रकान्यांत 'हो' लिहून सुटावं असं वाटलं. पण मागची असाइनमेंट मॅडमनी परत केली होती, 'ऐकलेलं नको, पाहिलेलं लिही' असा शेरा मारून. मी बाळाला चटईवर बसवलं. बसला. हाक मारली, वळून पाहिलं. बा-बा, दा-दा चाललंच होतं. ठोकळा दिला, उजव्या हाताने घेतला. दुसरा डावीकडून पुढे केला, तर पहिला टाकून उजवाच हात पलीकडे नेला. तीनदा तेच.

"उजवाच आहे तो, बापासारखा," आजी कौतुकाने म्हणाली.

या वयात मुलं दोन्ही हात सारखे वापरतात. मी उजवा हात अलगद धरून ठोकळा डावीकडे ठेवला. तो तोंड पुढे करून वाकला, मग रडायला लागला. डावी मूठ मिटलेलीच, अंगठा आत.

"कशाला रडवता त्याला?" आजी चिडली.

तेव्हा आई बोलली. "आंघोळीच्या वेळी ती मूठ मलाच उघडावी लागते. सांगितलं की ह्या म्हणतात, तुला खोट काढायची सवय."

पलीकडच्या टेबलावर बसलेल्या मॅडमना मी बोलावलं. त्यांनी स्वतः सगळं तपासलं आणि म्हणाल्या, "आता तूच सांग त्यांना."

पाठ केलेलं एकही वाक्य कामाला येईना. "ताई, तुम्ही बरोबर पाहिलंत," मी म्हणाले. "ही फक्त प्राथमिक तपासणी आहे, यातून आजार ठरत नाही. पण डावा हात मागे पडतोय. मोठा झाला की सुटेल म्हणून थांबू नका, डॉक्टरांना आजच दाखवू."

"माझ्यामुळे झालं का?"

"नाही. आजी, तुमच्यामुळेही नाही."

आजीने बाळाची डावी मूठ आपल्या हातात घेतली.

डॉक्टरांना डाव्या पायातही ताठरपणा आढळला. पुढच्या तपासण्या ठरल्या, फिजिओथेरपी त्याच आठवड्यात सुरू झाली. महिन्याने मी थेरपीच्या खोलीत डोकावले, तेव्हा आजी थेरपिस्टशी हुज्जत घालत होती, पण खुळखुळा बाळाच्या डावीकडे धरूनच. मूठ अर्धी उघडत होती. खुळखुळा काही त्याने धरला नाही.

असाइनमेंटचे दोन गुण कापले गेले. घरी कसं खेळवायचं, ते मी लिहिलंच नव्हतं.