एक कान पाण्यात

रुक्मिणीबाई परबांना पोहता येतं, हे बोरिवलीच्या त्या अख्ख्या चाळवजा सोसायटीत सगळ्यांना माहीत होतं. कारण त्या स्वतःच सांगायच्या. आंब्याची फोड चोखता चोखता, नाहीतर जिन्यात तांदूळ निवडता निवडता विषय कुठलाही असो, गाडी मालवणकडच्या त्यांच्या गावच्या खाडीवर यायचीच. "भरती असली तरी मी आडवी जायचे. मगर असते त्या खाडीत. मी कधी बघितलं नाही मागे वळून."

मगरीने कधी बघितलं का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

त्या वर्षी मे महिन्यात जवळच्या जलतरण तलावावर दुपारची बायकांची बॅच सुरू झाली. सून वसुधा शाळेत शिक्षिका, तिला सुट्टी होती. तिने आपलं नाव घातलं आणि सासूबाईंचंही घालून आली.

"माझं कशाला गं?" रुक्मिणीबाईंच्या हातातली पळी थांबली. "मला काय शिकायचंय?"

"शिकायला नाही हो आई. तुम्ही सोबत असलात की आम्हाला धीर येईल. जयंतीकाकू, चंपाताई, सगळ्या म्हणाल्या, रुक्मिणीमावशी येणार असतील तरच आम्ही येतो."

रुक्मिणीबाईंनी आमटीत मीठ दोनदा घातलं आणि स्टेशनजवळच्या बाजारातून झालर लावलेला निळा पोहण्याचा ड्रेस आणला.

खरी गोष्ट अशी होती की रुक्मिणीबाई पाण्यात गुडघ्याच्या वर कधी गेल्याच नव्हत्या.

शिकवायला मालन टीचर होती. खारदांड्याच्या कोळीवाड्यातली पोरगी, म्युनिसिपालटीच्या शाळेत पी. टी. शिकवायची, सुट्टीत तलावावर यायची. बोलायला चटपटीत. पहिल्या दिवशी तिने आधी सगळ्यांना डोक्यावरचं खोबरेल धुवायला शॉवरखाली पाठवलं, मग छातीभर पाण्यात भिंतीशी उभं केलं. रुक्मिणीबाई शिडीवरच थांबल्या. "माझा कान आज ठणकतोय," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी कंबर धरली. तिसऱ्या दिवशी त्या पाण्यात उतरल्या खऱ्या, पण शिडीचा दांडा दोन्ही हातांनी असा आवळून धरला होता की बोटं पांढरी पडली.

टीचरने ते बघितलं. बॅच सुटल्यावर त्यांच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मावशी, उद्या अर्धा तास आधी या. एकट्याच या."

"कशाला?"

"तुमची खाडी बघायचीये मला."

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या, आणि पाण्यात पाय टाकण्याआधीच म्हणाल्या, "हे बघ बाय, मला काय येत नाही. कुणाला बोललीस तर तुझी नि माझी गाठ आहे."

"मी कशाला बोलू? मला तर तुम्ही हव्या आहात." मालन टीचर काठावर बसली. "या बायका तोंड पाण्यात घालायला तयार नाहीत. मी करून दाखवलं की म्हणतात, तू काय बाबा, कोळ्याची पोर, जन्मली ती माशाच्या जातीची. तुमच्या वयाची बाई करताना दिसली तर ऐकतील. मी तुम्हाला आधी शिकवते, तुम्ही नंतर त्यांना दाखवा. कबूल?"

अशी ती मसलत ठरली. दोघी त्यात सारख्याच लबाड होत्या.

पहिला धडा बुडबुड्यांचा. तोंडाने श्वास घ्यायचा, चेहरा पाण्यात घालायचा, नाकातोंडाने सावकाश सोडायचा. रुक्मिणीबाईंनी पहिल्यांदा डोळे मिटून कपाळ तेवढं बुडवलं. "हे कपाळ झालं," टीचर म्हणाली, "नाक कुठाय?" चार-पाच खेपांनी नाक आलं, मग कान आले. पाण्याखाली स्वतःचेच बुडबुडे गडगडताना ऐकून त्यांना हसू फुटलं, आणि पाणी नाकात गेलं. तासाभराने त्याच रुक्मिणीबाई बॅचपुढे उभ्या राहून म्हणत होत्या, "नाकातून हवा सोडत राहिलं की पाणी आत येतच नाही. कोंडून ठेवू नका गो." आणि चंपाताई, जिने तीन दिवस गालसुद्धा पाण्याला लावला नव्हता, तिने तोंड पाण्यात घातलं.

मग तरंगणं. टीचरने गुडघे पोटाशी घेऊन कासव व्हायला सांगितलं. रुक्मिणीबाईंची खात्री होती की आपण सरळ तळाला जाऊन फरशी मोजणार. पण छाती हवेने भरून गुडघे आवळले तर पाण्याने त्यांना पाठीकडून अलगद वर उचललं. पाटा-वरवंट्यासारखी आपली काया, आणि पाण्याला तिचं ओझं नाही, याचं त्यांना इतकं नवल वाटलं की उभं कसं राहायचं हेच त्या विसरल्या. टीचरने दंड धरून सांगितलं, "गुडघे पोटाशी, हातांनी पाणी खाली दाबा, पाय तळाला टेकवा, डोकं सगळ्यात शेवटी. हे आलं की भीती अर्धी गेली. उभं राहता येतं हे ज्याला माहीत, तो आडवा व्हायला घाबरत नाही."

हेही वाक्य रुक्मिणीबाईंनी बॅचमध्ये स्वतःचं म्हणून खपवलं. टीचर गळ्यातल्या शिट्टीशी खेळत दुसरीकडे बघत राहिली.

भिंतीला पाय लावून, हात पुढे ताणून सुळकन सरकणं जमलं. दांडा धरून पाय मारणं जमलं. जयंतीकाकू गुडघ्यातून सायकल चालवल्यासारखे पाय झाडायच्या, तेव्हा रुक्मिणीबाई अधिकाराने म्हणाल्या, "मांडीपासून हलव. घोटे सैल सोड, चप्पल झटकल्यासारखे. पाणी बडवू नको, त्याने काय बिघडवलंय तुझं?" थर्माकोलची फळी धरून त्या तलावाच्या रुंदीत पाय मारत गेल्या तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. वसुधाने सगळ्यात जोरात वाजवल्या. तिच्या चेहऱ्यावर काही होतं, पण ओल्या चेहऱ्यावरचं काय कळतं?

घात झाला तो श्वासाने. त्या दिवशी कूस वळवून श्वास घेणं शिकवायचं होतं आणि नेमक्या दुपारी भांडुपहून नणंद आली. चहा, पोहे, तिच्या जावयाची गाऱ्हाणी. रुक्मिणीबाई तलावावर पोचल्या तर बॅच पाण्यात उतरलेली. टीचरने डोळ्यांनीच विचारलं, काय करायचं? त्यांनी मानेनेच सांगितलं, आज नको. पण जयंतीकाकू मध्ये पडल्या. "टीचर, तुम्ही सांगताय ते डोक्यात शिरत नाही. मावशींना सगळं एकत्र करून दाखवू दे. हात, पाय, श्वास. खाडीत जायच्या तसं."

"हो, आई, दाखवा ना," वसुधा म्हणाली.

आता माघार घेतली तर मगरीसकट सगळं गेलं. रुक्मिणीबाईंनी भिंतीला पाय लावला, सरकल्या, पाय मारले, एक हात फिरवला, दुसरा फिरवला. इथवर बरं चाललं. मग हवा संपली. त्यांनी जिवाच्या आकांताने मान सरळ वर काढली. मान वर गेली तसे पाय खाली गेले, तोंड उघडलं त्यात तलाव शिरला, आणि त्या ठसकत, टोपी एका कानावर, छातीभर पाण्यात उभ्या राहिल्या.

चंपाताई आ वासून बघत होती.

रुक्मिणीबाई पोटभर खोकल्या, टोपी सरळ केली आणि म्हणाल्या, "बघितलंत? हे असं करायचं नाही."

टीचरने एकदम शिट्टी तोंडात घातली, हसू दाबायला दुसरं काही नव्हतं. बायकांनी माना डोलावल्या. आणि वसुधा शांतपणे म्हणाली, "आई, परत एकदा दाखवता? चूक नीट कळली नाही."

त्यांना ती चूक आणखी दोनदा दाखवावी लागली. पाणी प्रत्येक वेळी खरंखुरं प्यावं लागलं. मात्र मान उचलली की पाय बुडतात, हे त्या दिवशी बॅचमधल्या एकूण एक बाईला असं समजलं की पुन्हा सांगावं लागलं नाही.

घरी आल्यावर, मुलगा कामावरून यायच्या आत, रुक्मिणीबाईंनी कणकेची मोठी परात पाण्याने भरून ओट्यावर ठेवली, दार ढकललं, आणि वाकून चेहरा आत घातला. बुडबुडे सोडले. मान वर. पुन्हा चेहरा. पुन्हा मान वर. पदर भिजला.

"मान उचलायची नाही, आई. वळवायची."

वसुधा दारात उभी होती. रुक्मिणीबाईंच्या नाकावरून पाणी ठिबकत होतं, त्यामुळे सांगण्यासारखी सबब सुचेना.

वसुधा शेजारी आली, वाकली, एक गाल परातीत टेकवला. "एक कान पाण्यातच राहू दे. उशीवर डोकं ठेवतो ना, तसं. अर्धं तोंड बाहेर आलं तरी पुरतं. आत असतानाच सगळी हवा सोडून टाकायची, म्हणजे बाहेर आल्यावर फक्त घ्यायची. आणि नुसती मान नाही, खांद्यासकट वळायचं. हात बाहेर येतो त्याच्यासोबत. आज तुम्ही यायच्या आधीच टीचरने सांगितलं."

"तुला कधीपासून माहीत?"

"मागच्या वर्षी गोराईला गेलो होतो. गुडघाभर पाण्यात तुम्ही माझं मनगट धरलंत ते वाळूत येईपर्यंत सोडलं नाही. वळ उठले होते." वसुधाने पदराने त्यांचा चेहरा पुसला. "म्हणून तर तुमचं नाव घातलं."

रुक्मिणीबाई पाटावर बसल्या. रागवावं असं त्यांना वाटलं, पण जमेना. "खाडी खरी आहे गो," त्या म्हणाल्या. "भाऊ जायचे पोहून पलीकडे. आम्हा मुलींना आत जायची सोय नव्हती. आम्ही काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायचो. मी रोज बघायचे, हात कसा टाकतात, पाय कसा मारतात. इतकं बघितलं की मग सांगताना वाटायचं, मीच गेले होते."

"आणि मगर?"

"ती भावांनी पण बघितली नव्हती."

दोघी हसत सुटल्या. परात कलंडली आणि सगळं पाणी पायांवर आलं. पुसून होईपर्यंत मुलगा आला आणि स्वयंपाकघरात एवढी ओल कसली म्हणून विचारू लागला. दोघींनी त्याला चहा दिला, उत्तर दिलं नाही.

त्यानंतर अर्धा तास आधी दोघी जाऊ लागल्या. टीचरने डोक्याला हात लावला. आधी भिंत धरून, एक हात पुढे, कान दंडावर टेकवून श्वास. मग फळी धरून. मग चालत चालत, वाकून हात फिरवत, हात बाहेर येईल तेव्हा वळायचं आणि तो पाण्यात पडायच्या आत चेहरा परत खाली. रुक्मिणीबाई घाई करायच्या. पाण्यात सोडायचा श्वास बाहेर सोडायच्या आणि मग घ्यायला वेळ उरायचा नाही. वसुधा काठावरून, शाळेतल्या आवाजात, "आत फुंका, बाहेर प्या," म्हणून ओरडायची. एका दुपारी ते जुळलं. कधी जुळलं ते त्यांनाही कळलं नाही. चार हात टाकून झाले आणि आपण मेलो नाही, एवढंच ध्यानात आलं.

शेवटच्या आठवड्यात टीचरने सगळ्यांना उथळ पाण्याची रुंदी पार करायला लावली, दोघी-दोघी करून. चंपाताई मध्ये दोनदा उभी राहिली, तरी पोचली. जयंतीकाकू भिंतीला डोकं आपटूनच थांबल्या. मग सासू-सुनेची पाळी आली. शिट्टी वाजली, दोघी सरकल्या.

रुक्मिणीबाई उजवीकडे वळून श्वास घ्यायच्या आणि वसुधा डावीकडे, आणि नेमक्या बाजू अशा पडल्या की दोघींची तोंडं समोरासमोर यायची. पहिल्या श्वासाला त्यांना सून दिसली, तोंड एका कोपऱ्यात ओढलेलं, एक डोळा पाण्यात, बाजारातल्या बोंबिलासारखी. त्यांनी चेहरा खाली घातला, हवा सोडली. दुसऱ्या श्वासाला पुन्हा तोच बोंबील. तिसऱ्या वेळी बोंबलाने डोळा मारला.

रुक्मिणीबाईंना पाण्याखालीच हसू आलं. सगळी हवा एकदम बुडबुड्यांनी निघून गेली. पण हात थांबले नाहीत. त्यांनी पुन्हा कूस वळवली, घोटभर हवा घेतली आणि हसत, ठसकत, वाकड्यातिकड्या जात भिंतीला हात लावला. वसुधा अजून दोन हात मागे होती.

"मावशी, पाण्यात हसायचं नसतं," टीचर काठावरून म्हणाली.

"तू असं वाकडं तोंड करायला शिकवायचं नसतं," रुक्मिणीबाई म्हणाल्या, आणि सून पोचायच्या आत पुन्हा जायला वळल्या.