राजकन्येचे केस

संध्याकाळी नौपाड्यातल्या शाळेचं संमेलन होतं आणि उत्तराला राजकन्येचं काम होतं. टायफॉईडमधून ती नुकतीच उठली होती. डॉक्टरांनी अजून डोक्यावरून न्हायला मनाई केल्यामुळे केस तेलकट होऊन चिकटले होते. तिने आपल्या बुद्धीने त्यांवर टाल्कम पावडर ओतली.

"राजकन्या कसली, ही तर राजाची आजी!" धाकटा भाऊ रतन ओरडला.

खरंच, नाटकात म्हाताऱ्यांचे केस असेच पांढरे करत. उत्तरा रडकुंडीला आली.

तिची आत्या हेमा नर्स होती. तिने आधी पावडर ब्रशने झटकून काढली. मग वाटीत आरारूट घेऊन त्यात कोको मिसळला.

"आरारूट तेल शोषून घेतं. पण नुसतं लावलं तर काळ्या केसांत पांढरं दिसतं, म्हणून हा कोको. भांग पाड आणि फक्त मुळांशी थोडं थोडं लाव."

दहा मिनिटं थांबून उत्तराने बोटांनी चोळलं आणि ब्रश फिरवला. केस मोकळे, काळेभोर झाले.

"आत्या, आता रोज हेच! न्हायची कटकटच नको."

"अगं वेडे, याने तेल टिपलं जातं, मळ निघत नाही. रोज लावलंस तर मुळांशी थर साचून खाज सुटेल. डॉक्टरांनी हो म्हटलं की शिकेकाईनेच न्हायचं."

पडद्यामागे मैत्रिणींनी विचारलं, "केस कुणी केले गं?"

"मीच," उत्तरा ताठ मानेने म्हणाली, "आत्याने शिकवलं."

पडदा वर गेला तेव्हा पहिल्या रांगेतली हेमा शेजारणीला सांगत होती, "ती माझी भाची."