पुराव्याचा रकाना

गणराज कदम चाकणच्या वायरिंगच्या कारखान्यात सुपरवायझर. माणूस वाईट नव्हता हो. पण वाईट नसणं पुरत नाही कधीकधी, आणि मार्च महिन्यात तर मुळीच नाही. मार्चमध्ये त्याला हाताखालच्या माणसांचे वार्षिक मूल्यमापन अहवाल लिहायचे असतात.

यंदा झुलेखा मुलाणीच्या अहवालापाशी त्याचं घोडं अडलं. झुलेखा नऊ वर्षांची जुनी ऑपरेटर, रोज तळेगावहून येणारी. लाईन लीडरची जागा निघाली होती. ती मिळाली की कायमची जनरल शिफ्ट. झुलेखाची सासू अंथरुणाला खिळलेली. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात म्हातारीला रात्री अकरापर्यंत पाणी द्यायलाही घरात कुणी नसे. त्या जागेसाठी सरासरी रेटिंग पाचपैकी चार हवं होतं.

एचआरच्या स्वरूपा मॅडमनी यंदा बजावलं होतं की प्रत्येक रेटिंगपुढे पुरावा लिहायचा, तारखा, आकडे, नोंदी. ‘चांगली आहे’, ‘कष्टाळू आहे’ असलं काही चालणार नाही. गणराज आकडे घेऊन बसला. गुणवत्तेत वर्षभर तिच्या जोडणीच्या बोर्डावरून एकही खराब हार्नेस, म्हणजे वायरींचा बांधलेला जुडगा, पुढे गेला नव्हता, म्हणून पाच. हजेरीला चार. उत्पादन मात्र टार्गेटच्या अठ्ठ्याऐंशी टक्केच, म्हणून दोन. ते का कमी, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? नवी मुलगी आली की तो तिला झुलेखाशेजारी उभी करी, आणि झुलेखा स्वतःचं काम सोडून तिचा हात धरून शिकवी.

उरला चौथा रकाना, इतरांना शिकवणं. तिथे पाच पडले की बेरीज सोळा, सरासरी बरोबर चार. स्वमूल्यमापनात झुलेखाने लिहिलं होतं, ‘या वर्षी बारा मुलींना काम शिकवलं.’

गणराजने प्रशिक्षणाची फाईल उघडली. बारा मुली, बारा कागद. प्रत्येकावर प्रशिक्षक म्हणून सही होती ग. कदम यांची. सही फक्त प्रमाणपत्रधारक प्रशिक्षकाने करायची असा नियम, आणि तो दोन दिवसांचा कोर्स गणराजने केलेला. मागच्या वर्षी असल्याच कागदांवर त्याला स्वतःला पाच पडले होते. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, फरक इतकाच की हा नागोबा डबा खाताना झुलेखाकडची चटणीही मागून घेई.

स्वरूपा मॅडमनी त्याला सरळच विचारलं, की ही बाई म्हणते मी शिकवलं, कागद म्हणतात तुम्ही शिकवलं, खरं काय? पुढच्या महिन्यात ग्राहकाचं ऑडिट होतं. बारा खोट्या सह्या निघाल्या तर नोकरी जाणार हे गणराजला लख्ख दिसत होतं. हप्त्यांवर घेतलेला रावेतचा नवा फ्लॅट दिसत होता. झुलेखाची सासूही दिसत होती, नाही असं नाही.

“मदत करते अधूनमधून,” तो म्हणाला.

झालं. दोन गुण. पुरावा उपलब्ध नाही. सरासरी सव्वातीन. आणि कमी गुण दिले की त्यापुढे विकास आराखडाही लिहावा लागतो, तोही त्याने लिहिला.

दोन दिवसांनी कॅन्टीनमागच्या छोट्या खोलीत त्याने अहवाल झुलेखासमोर ठेवला. तिने बोट फिरवत सगळा वाचला. आराखड्यापाशी बोट थांबलं. ‘नवीन कामगारांना शिकवण्याचं कौशल्य आत्मसात करणे. मुदत सहा महिने. मार्गदर्शक : गणराज कदम.’

तिने बारा जणींची नावं घेतली, एकेक करून, कोण डावखुरी होती, कोण रडायची तेही सांगितलं. गणराजने सहीसाठी पेन पुढे केलं. शेवटी म्हणाला, “ताई, कागदावर नाही ना ते.”

“कागद तुम्हीच भरले, साहेब.”

कर्मचाऱ्याच्या अभिप्रायात तिने ‘वाचलं’ एवढंच लिहिलं आणि सही केली. ‘मान्य’ लिहिलं नाही. गणराजला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती, आणि सुटल्यासारखंही वाटलं, तेही खरंच.

सोमवारी कस्तुरा नावाची नवी मुलगी आली. गणराजने तिला झुलेखाशेजारच्या बोर्डावर सोडलं. पहिल्याच तासाला पिवळी वायर भलत्या खाचेत बसली, ओढायला गेली तर वायरीच्या टोकाचं टर्मिनल वाकलं. लाईन थांबली. झुलेखाने मान वर केली नाही. गणराज स्वतः वाकला, त्याने तीनदा प्रयत्न केला. वायर काही निघेना. कशी निघणार? त्याने ती कधी बसवलीच नव्हती. कस्तुरा रडवेली झाली.

“ताई, जरा दाखवा ना हिला,” तो हळूच म्हणाला.

झुलेखाचे हात क्षणभर थांबले. पोरीकडे बघून तिचा एक हात अर्धा पुढे गेला, ते दिसलं सगळ्यांना. मग ती परत आपल्या वायरींकडे वळली.

“मला शिकवता येत नाही, साहेब,” ती म्हणाली. “सहा महिन्यांनी येईल.”