करांद्याची नोंद

आश्रमशाळेतून फोन आला तेव्हा आशा पुस्तिकेची प्रुफं वाचत होती. पलीकडे पेठ तालुक्यातल्या त्या शाळेचे अधीक्षक होते. आवाज चढलेला.

"मॅडम, तुमच्या कागदात करांद्याचा कंद नुसता उकडून खायचा लिहिलाय ना? आमच्या चिमणाबाईनं काल तसाच उकडला. पोरांना वाढायच्या आधी स्वतः चाखून बघितला, म्हणून बरं. उलट्या थांबेनात. सरकारी दवाखान्यात नेलं. आता बरी आहे. पण हे काय लिहिलंय तुम्ही?"

आशाने माफी मागितली, तो कागद वापरू नका म्हणून पुन्हा पुन्हा सांगितलं आणि फोन ठेवला. समोर प्रूफ होतं. त्यावर करांदा एकच होता. तिच्या चांगलं लक्षात होतं, करांदे दोन होते.

शहरात द्वारका चौकाजवळ, टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांचं वनस्पती-नोंद केंद्र होतं. पश्चिमेकडच्या डोंगरातली झाडं, वेली, कंद यांची स्थानिक नावं, ती कुणी सांगितली, कुठल्या गावात, काय कसं शिजवतात, कुठल्या ग्रंथात उल्लेख आहे, असं सगळं एका सामाईक संदर्भ-फाइलमध्ये होतं. पाचही जण त्याच फाइलवर काम करत. पुस्तिका, तक्ते, शाळांना पाठवायचे कागद, सगळं त्या फाइलमधूनच निघे. एकाने केलेलं दुसऱ्याने पुसू नये म्हणून हर्षलने ती फाइल अशा व्यवस्थेत ठेवली होती की प्रत्येक बदलाला क्रमांक पडे. कोणी केला, केव्हा केला, काय पुसलं, काय घातलं, सोबत दोन शब्दांची टीप, सगळं कोपऱ्यातल्या जुन्या सर्व्हरवर जपून राही. फाइल उघडली की फक्त आजचं रूप दिसायचं. कालची सगळी रूपं मात्र खाली तशीच असत.

आशाने फाइलमध्ये शोधलं. एकच नोंद. करांदा, सायखेड्याकडच्या बागांत लावतात, उकडून खातात. सांगणाऱ्यांत मात्र पेठकडच्या लंकाबाईचंही नाव. म्हणजे दोन नोंदी कोणीतरी एकत्र केल्या होत्या आणि पहिलीची कृती ठेवून दुसरीची टाकून दिली होती.

"हर्षल, इकडे ये."

तो खुर्ची ओढून बसला. "कोणी केलं ते बघता येईल ना?" आशा म्हणाली.

"ओळ फाइलमध्ये असती तर तिच्यापुढेच नाव दिसलं असतं. पण पुसलेल्या ओळीचं नाव कुठं दिसणार? मागं जाऊन बघावं लागेल." त्याने जुनी एक आवृत्ती उघडली. तिच्यात दोन करांदे होते. मग मधलीच एक उघडली. तिच्यातही दोन. त्याच्या पुढची, एक. असं करत करत दोन्ही टोकं जवळ आणली आणि एका बदलापाशी तो थांबला.

थांबला तो थांबलाच. माउसवरचा हात उचलून मांडीवर घेतला.

"काय झालं?"

आशाने वाकून पाहिलं. बदल करणाऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: उज्वला.

टीप रिकामी होती. तारीख श्रावणातली होती. त्यांच्यातली पाचवी, उज्वला, गेली ती वैशाखात. पेठहून परतताना सावळघाटात जीप उलटली, बहिरू ड्रायव्हर वाचला, ती वाचली नाही. आशा तिच्या दहाव्याला रामकुंडावर गेली होती.

"तारीख चुकली असेल," आशा म्हणाली. स्वतःचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला.

"तारीख सर्व्हर टाकतो. आणि सर्व्हरचं घड्याळ बरोबर आहे. याच्या अलीकडचे-पलीकडचे बदल सविताचे आहेत, ते त्याच आठवड्यातले." हर्षलने यादी वर सरकवली. त्या नावाचे आणखी बदल होते. एका झाडाच्या नावातली वेलांटी सुधारलेली. एका गावाचं नाव दुरुस्त केलेलं. सगळे तिच्या जाण्यानंतरचे. शेवटचा गेल्याच आठवड्यातला.

सविता तिच्या टेबलावरून उठून आली होती. तिने पडद्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. खाली दुकानात कोणीतरी टायरवर घण मारत होतं.

उज्वलाचं टेबल खिडकीशी होतं. कॉम्प्युटरवर तिनेच शिवून आणलेलं निळ्या फुलांचं आवरण होतं. ते काढायला कोणाचा हात झाला नव्हता, असं सगळे समजून होते. आशाने त्या आवरणाकडे पाहिलं. घडी नीट होती. पण उज्वला फुलं बाहेर करून घालायची आणि आता आवरण उलटं होतं, शिवण वर.

"तिचा पासवर्ड त्या मशीनवर जपून ठेवलेला असणार," हर्षल हळूच म्हणाला. "एकदा टाकला की ते परत विचारत नाही. त्या मशीनवर कोणीही बसलं तरी नाव तिचंच पडणार."

"म्हणजे कोणीतरी बसलं होतं."

"हो."

"मी नाही," सविता एकदम म्हणाली. "शपथ. मी त्या बाजूला बघतसुद्धा नाही."

आशाचा विश्वास बसला. तरीही तिने यादी पुन्हा खाली, खूप खाली नेली, उज्वला असतानाच्या दिवसांपर्यंत. तिथे तिच्या टिपा होत्या, तिच्या बोलण्यासारख्याच. 'हे नाव मी चुकीचं ऐकलं होतं.' 'बहिरूभाऊंना विचारून घातलं.' आणि एका ठिकाणी: 'करांदा एकत्र केला होता, आता वेगळा केला. रानातला कडू आहे. काप करून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवावा लागतो, नाहीतर माणूस आजारी पडेल. पुन्हा एकत्र करू नका.'

आशाने ती टीप तीनदा वाचली. मरून गेलेल्या मुलीने त्यांना बजावून ठेवलं होतं आणि तिच्याच नावाने कोणीतरी ते मोडलं होतं.

दाराशी रंगनाथ सर उभे होते. केंद्र त्यांनीच उभं केलं होतं. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर घर आणि ही खोली, एवढंच त्यांचं जग होतं. ते केव्हा आले कोणाला कळलं नव्हतं. आशाने फोनचं सगळं सांगितलं. चिमणाबाईचं ऐकून त्यांनी दाराची चौकट धरली.

"आता बरी आहे ती?"

"बरी आहे, सर."

ते आत आले आणि कोणाकडे न बघता उज्वलाच्या खुर्चीवर बसले. त्या खुर्चीवर बसायची त्यांची सवय असावी, असे बसले.

"मी केलं ते," ते म्हणाले.

हर्षल उठून उभा राहिला. सविता भिंतीला टेकली.

"सकाळी तुम्ही यायच्या आधी मी येतो. तिचं राहिलेलं काम पुरं करावं, एवढंच मनात होतं. पहिल्यांदा एक वेलांटी सुधारली. मग यादी उघडून बघितली तर सगळ्यात वर तिचं नाव." ते थांबले. "हर्षल, मला कळलं होतं ते का पडलं. तेवढं कळतं मला. मी माझ्या मशीनवर जाऊन बसायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी खाली तुमची नावं येत गेली, तिचं खाली खाली जायला लागलं. मला बघवेना. मग मी काहीतरी शोधून दुरुस्त करायचो. की परत वर."

"आणि करांदा?" आशाने विचारलं. तिला रागवायचं होतं, पण आवाज रागाचा निघाला नाही.

"त्या दिवशी दुरुस्त करायला काही सापडेना. दोन नोंदींना एकच नाव दिसलं. वाटलं, चुकून दोनदा आली. जुन्या टिपा वाचल्या नाहीत." त्यांनी हात पुढे करून आवरणाचा काठ सरळ केला. "तिला जायला मीच सांगितलं होतं. त्या दिवशी. बहिरू म्हणत होता, उद्या जाऊ."

मग हर्षल आपल्या जागेवर बसला. काम करताना त्याला बरं वाटत असावं.

"तेवढाच बदल उलटा करतो," तो म्हणाला. "नंतरचं सगळं राहील." त्याने तो एक क्रमांक उलटा लावला. फाइलने तक्रार केली, कारण सविताने नंतर त्याच एकत्र नोंदीत गावाचं नाव सुधारलं होतं. कुठली ओळ ठेवायची ते यंत्राला ठरवता येत नव्हतं. तिघांनी मिळून ती जागा हाताने नीट केली. सविताची सुधारणा बागेतल्या करांद्याकडे गेली, कडू करांदा आपल्या कृतीसह परत आला, लंकाबाई आपल्या जागी गेली. हर्षलने बदल आपल्या नावाने जमा केला आणि टिपेत का केलं ते लिहिलं.

"चुकीचा बदल गेला का आता?" सरांनी विचारलं.

"नाही सर. तो राहतोच. तो झाला होता आणि तो परत फिरवला, दोन्ही दिसतं."

"आणि नाव?"

हर्षल घुटमळला. "नाव बदलता येतं. सर्व्हरवर परवानगी उघडून. पण या व्यवस्थेत नावाचा इतिहास राहत नाही. आधी काय होतं ते मागं जाऊन बघता येणार नाही. एकदा बदललं की बदललं."

सर खिडकीबाहेर पाहत होते. "तिने चिमणाबाईला आजारी पाडलं, असं लिहिलेलं राहू नये," ते म्हणाले. "माझं नाव घाल. सगळ्यांवर."

हर्षल एकेक नाव बदलत गेला. यादीत उज्वलाचं नाव खाली खाली जात गेलं, तसे सर मध्येच उठून बाहेर गॅलरीत गेले. शेवटी तिचं नाव जिथे थांबलं तो बदल वैशाखातला होता, जाण्याच्या आदल्या दिवसाचा. हर्षलने तिच्या मशीनवरचा पासवर्डही पुसला. आवरण सविताने सरळ करून घातलं.

आठवड्याभरात दुरुस्त कागद घेऊन आशा आणि सर पेठला गेले. गाडी बहिरूच चालवत होता. घाट लागला. एका वळणावर त्याने वेग इतका कमी केला की मागचा ट्रक हॉर्न वाजवत राहिला.

चिमणाबाई शाळेच्या स्वयंपाकघरात होती, थोडी उतरलेली, पण कामाला लागलेली. सरांनी हात जोडून चूक आपली असल्याचं सांगितलं. ती संकोचून हसली.

"जाऊं द्या सायेब. मला वाटलंच व्हतं, पण कागदात लिव्हलं म्हणून उकडला." मग तिने त्यांच्या मागे, गाडीकडे पाहिलं. "ती बाय नाय आली? उज्वलाबाय? लय दिस झालं. येतो म्हणाली व्हती, माझ्याकडची भाजी लिहून घ्यायला."

आशाने सरांकडे पाहिलं. बहिरूने मान फिरवली. एवढ्या महिन्यांत 'उज्वला गेली' हे वाक्य सरांच्या तोंडून तिने एकदाही ऐकलं नव्हतं. दहाव्यालाही नाही.

सर चुलीशेजारच्या पाटावर बसले, म्हातारा माणूस बसतो तसे, हात टेकवून.

"ती नाही येणार, बाई," ते म्हणाले. "ती गेली. आमच्याच कामावर असताना गेली."

चिमणाबाईच्या हातातला पळा तसाच राहिला. मग तिने चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं, हात पदराला पुसले आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"तर मंग तुम्ही लिव्हा," ती म्हणाली. "मी सांगतंय."