एक छत्री

संपादिकाबाईंनी आपल्या कॉलेजातल्या सरांना पत्र लिहायला घेतलं आणि तीन कागद फाडले. त्या छापायला तयार करत असलेल्या जुन्या संस्कृत काव्यात, एका ओळीत ‘यातः’ एवढंच क्रियापद होतं; कर्त्याचा पत्ताच नव्हता. चाळीस वर्षांपूर्वी सरांनी त्याचा अर्थ छापला होता, ‘तो गेला’. आता सरांची चूक काढायची? सर म्हणजे जमदग्नीचा अवतार!

शेवटी मनाचा हिय्या करून त्यांनी लिहिलं, “सर, ‘यातः’ हे भूतकाळाचं विशेषण धरलं तर ‘तो गेला’. वर्तमानकाळाचं द्विवचन धरलं तर ‘ते दोघं जातात’. आधीच्या श्लोकात नवरा-बायको दोघंही उंबऱ्यापर्यंत आलेत. पुढच्या श्लोकात मात्र छत्री एकच आहे, म्हणजे ती तुमच्या अर्थाच्या बाजूची. व्याकरणात दोन्ही बसतं. कोणतं छापू?”

आठवडा गेला, उत्तर नाही.

“घे, ओढवून घेतलंस,” नवरा म्हणाला.

आठव्या दिवशी बाईंचंच पत्र परत आलं. मागच्या कोऱ्या बाजूवर सरांचं थरथरतं अक्षर होतं.

“छत्री एकच, म्हणून मी काव्यातल्या त्या बायकोला चाळीस वर्षं घरीच बसवलं. मंगळवारी भर उन्हात हिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. घरात छत्री एकच सापडली. जन्मात पहिल्यांदा हिच्या पावलानं चाललो. ‘ते दोघं जातात’ हेच छाप. माझी चूक तळटीपेत माझ्या नावानिशी दे. आणि अक्षरं जरा मोठी ठेव. यावेळी हिलाही वाचायचंय.”