तीन संगणक आणि एक प्रश्न

२००१ साली मी बीडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले. कंपनी म्हणजे मालक प्रविण सर, एक प्रोग्रामर आणि मी. तीन महिन्यांत एक तरी गिऱ्हाईक आणलं तर नोकरी, नाही तर घरचा रस्ता. अडीच महिने झाले होते आणि पाटी कोरीच होती.

अशात पाटोद्याच्या मल्लिनाथआप्पांशी फोनवर पहिलं सविस्तर बोलणं झालं. त्यांचं बी-बियाणं, खत-औषधांचं दुकान. मुदत संपलेल्या औषधाचे खोके मागच्या हंगामात फार उशिरा सापडले, म्हणून साठ्याचा हिशोब संगणकावर हवा. किती संगणक, विचारलं तर आप्पा दणक्यात म्हणाले, "तीन."

सर खूश. म्हणाले, लगेच कोटेशन धाड. मी मात्र हट्टी. आधी झालेलं बोलणं लिहून ई-मेल केला, इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत: तुमची अडचण अशी, गरज अशी, संगणक तीन, काम जूनच्या आत. मंगळवारी अकराला दुकानात येऊन प्रोग्राम दाखवते. तुम्ही महिन्याभराची बिलं काढून ठेवा. किंमत त्यानंतर सांगू. फोनवर विचारायचं राहिलेलंही लिहिलं: संगणकावर बसणार कोण? चुकलं असेल तर दुरुस्त करून कळवा.

सर चिडले. आपणच चुका काढायला सांगितल्यावर सौदा मोडणारच, म्हणे. चार दिवस उत्तर नाही.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. 'संगणक एक. मंगळवारी बाजार असतो, बुधवारी या.' बाकी काही नाही. तीनचा एक झाला म्हणून सरांनी कपाळाला हात लावला.

बुधवारी दुकानात पोचले. आप्पांनी चहा सांगितला. मग हळूच कबुली दिली. फोन आला तेव्हा समोरचे दुकानदार राजेश्वर गल्ल्याशेजारीच बसले होते. त्यांच्यादेखत एक कसा म्हणायचा? तीन संगणकांचं कोटेशन आलं असतं तर घेणं झेपलं नसतं आणि नको म्हणायला तोंड नव्हतं. तुमचा फोनच उचलला नसता, म्हणाले.

तेवढ्यात आतून त्यांच्या पत्नी, कावेरीकाकू, आल्या. हातात महिन्याची बिलं, तारखेवार लावलेली. औषधांच्या मुदतीची वहीही त्याच ठेवत होत्या. नेटकॅफेतून छापून आणलेला माझा ई-मेल त्यांनीच वाचला होता आणि उत्तरही त्यांनीच सांगितलं होतं.

मी दाखवायला आणलेला संगणक मांडला, खुर्ची आप्पांकडे सरकवली. आप्पांनी ती काकूंकडे फिरवली.

काकू जपून बसल्या. म्हणाल्या, "कोण बसणार म्हणून इचारलंत, लई बरं केलंत. वीस वर्षं वही मीच लिहिते, पण दुकानात काय पायजे, हे मला आजवर कुणी इचारलं न्हाई."

माझं पहिलं गिऱ्हाईक त्या झाल्या.