पाच सेकंदांत होकार

आखाडा बाळापूरच्या बाजारात शिवप्रसादच्या शिलाई मशीनच्या दुकानात मी सव्वा तास वाचत बसले, आणि माझी सून राधिका तेवढाच वेळ माझ्यावर चिडून राहिली.

तिचं चिडणं खरं होतं. गावच्या शाळेचे साठ गणवेश शिवायचं काम तिला मिळणार होतं. मुख्याध्यापक म्हणाले होते, सोमवारपर्यंत चांगली मशीन घरी आली तर काम तुमचं, नाहीतर सेनगावच्या बाईला देतो. तो दिवस शनिवार होता. जुनी पायमशीन दर दहा टाक्यांना धागा तोडायची. मोटरची नवी मशीन साडेतेरा हजारांची होती, आणि आमच्याकडे मिळून साडेतीन हजार होते.

"काकू, पैशाची काळजी करू नका," शिवप्रसाद म्हणाला. "आता घ्या, मंग द्या. मोबाइलवर दोन मिनिटाचं काम हाय."

त्याने काउंटरवरचा क्यूआर कोडचा चौकोन राधिकाच्या मोबाइलवर टिपायला लावला. तिने आपला नंबर टाकला, पॅन टाकला, आलेले सहा आकडे टाकले. एक गोल फिरला. मग अक्षरं आली: सध्या ही सुविधा तुम्हाला देता येत नाही.

राधिकाने ते दोनदा वाचलं.

"काहून?"

"कारण सांगत न्हाईत ते लोक. तुमच्या नावावर कधी कर्जच न्हाई ना, म्हणून असल. त्यांना तुमची वळखच न्हाई."

"कर्ज न्हाई म्हणून कर्ज न्हाई? बरं हाय हे."

ती हसली, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. सात वर्षं झाली तिला आमच्या घरी येऊन. पंधरा कोसांत तिच्या हातचं ब्लाउज घालणाऱ्या बाया आहेत, आणि कुठल्याशा यंत्रानं डोळा मिटेस्तोवर सांगितलं, ही बाई कोण ते ठाऊक नाही.

"माझ्या नावानं बघ," मी म्हणाले.

"आत्याबाई, तुमाला कोण देतंय?"

"इचारून तर बघ. इचारायला काय पैसे लागतात?"

माझा नंबर, माझं पॅन. आधारवरून आलेले आकडे. मग मोबाइलने माझा फोटो मागितला आणि पापण्या मिटायला लावल्या. मी दोन्ही डोळे गच्च मिटले, शिवप्रसाद म्हणाला, काकू, उघडा बी. मग तोच गोल फिरला. मी शेळ्या मोजते तसं मोजलं. पाचला अक्षरं आली: मंजूर.

राधिका माझ्याकडे बघतच राहिली.

"हे कसं काय?" मी शिवप्रसादला विचारलं. "माझं गाव इचारलं न्हाई, बाप इचारला न्हाई."

"तुमी बचत गटातून शेळ्यांसाठी कर्ज घेतलं व्हतं का?"

"व्हय. दोन वर्षं दर आठवड्याला भरलं."

"त्याची नोंद वर असती. एक बी हप्ता चुकला न्हाई, ते दिसलं त्यांना. बाकी हिशोब कंप्युटर करतो."

मला तो आठवडा आठवला, जेव्हा मालक तापाने पडले होते आणि मी कानातलं गहाण ठेवून हप्ता नेला होता. माझ्या दोन वर्षांची कुणीतरी नोंद ठेवली होती, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

"आता इथं 'मी सहमत आहे' दाबा, झालं," शिवप्रसाद म्हणाला.

"वाचते."

"सगळेच दाबतात, काकू. वाचत कुणी न्हाई."

मी वाचायला लागले. अक्षरं मी पन्नाशीत शिकले. बोट ठेवल्याशिवाय मला ओळ सापडत नाही, आणि बोट ठेवलं की मोबाइल भलतीकडेच सरकायचा. दुसऱ्या परिच्छेदावर होते तर पडदा पांढरा झाला: वेळ संपली, पुन्हा प्रयत्न करा.

पुन्हा नंबर, पुन्हा आकडे. पुन्हा वेळ संपली.

"आत्याबाई, दाबा की," राधिका हळूच म्हणाली. "लोकं बघून राहिली."

"मला अक्षरं कुणी शिकवली?"

ती मोबाइलकडे बघायला लागली.

"सांग की. कुणी शिकवली?"

"मीच."

"अन् पह्यल्या दिवशी काय म्हणलीस? अंगठ्याच्या जागी सही करायची असंल, तर सहीच्या आधी वाचायचं. माझ्या हातावर पट्टी मारली व्हतीस, 'क'चं पोट उघडं ठेवलं म्हणून."

शिवप्रसाद मोठ्याने हसला. "आता सुटका न्हाई वैनी तुमची." त्याने ते कागद शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणले. मराठीतच होते. मी दुकानाच्या पायरीवर बसले. राधिका थोडा वेळ उभी राहिली, मग माझ्याशेजारी बसली. मी अडले की ती शब्द सांगायची.

राधिकाने सहा हप्ते निवडले होते, चोवीसशेचा एक. हप्ता लहान म्हणून. कागदावर खाली लिहिलं होतं, एकूण परतफेड चौदा हजार चारशे. वरच्या तीन हप्त्यांच्या ओळीत साडेचार हजारांचा एक, आणि एकूण साडेतेराच.

"हे नऊशे कशाचे?"

"सहाला व्याज हाय," शिवप्रसाद म्हणाला. "तीनला न्हाई. तीनचा खर्च मी सोसतो. कंपनी मला दोन दिवसांत पैसे देती, आपलं कमिशन कापून."

"मंजे पैसे तुला मिळाले? मंग दर बाजारी मी तुझ्या हातात काय देणार व्हते?"

"माझ्या हातात कायच न्हाई. तुमचं देणं कंपनीला."

तेवढ्यात राधिकाचं बोट पुढच्या ओळीवर थांबलं. दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता खात्यातून आपोआप कापला जाईल. खात्यात शिल्लक नसल्यास दंड लागेल, आणि उशिराची नोंद होईल.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघितलं. आमचे पैसे ज्वारीच्या कोठीत असतात. बँक बाळापुरात, खात्यात त्या दिवशी दोनशे बारा रुपये होते. पाच तारखेला मी पदरात हप्त्याचे पैसे बांधून शिवप्रसादकडे आले असते, आणि तिकडे माझ्या नावापुढे पहिला डाग लागला असता.

"तीनच हप्ते घे," मी म्हणाले. "पह्यल्याला तो शिंगं मारणारा बोकड जाईल. तसाबी त्यो मालकाशिवाय कुणाचंच ऐकत न्हाई."

मग मी स्वतः दाबलं. मशीन संध्याकाळच्या जीपच्या टपावर बांधून गावात आली. सोमवारी मुख्याध्यापकांनी ती चालवून बघितली, आणि साठ गणवेशांचं कापड आमच्या घरी आलं.

बोकड तीन तारखेच्या बाजारात विकला. पैसे कोठीत न ठेवता सरळ बँकेत भरले. चार तारखेला संदेश आला, उद्या हप्ता कापला जाईल. तो मी एकटीने वाचला. पाचला दुसरा आला, हप्ता मिळाला. राधिकाने शिलाईच्या खडूने भिंतीवर एक उभी रेघ ओढली.

"गणवेशाचे पैसे आले की पुढले दोन मी भरते," ती म्हणाली. "पण नाव तुमचंच व्हणार, आत्याबाई. मी तिथं कुणीच न्हाई अजून."

ते तिने सहज म्हटलं, बॉबिन भरता भरता. मला मात्र रात्रभर शिवप्रसादचं दुकान दिसत राहिलं, आणि बोटाला गुंडाळलेलं पदराचं टोक.

पुढच्या शुक्रवारी गटाची बैठक होती. नव्या कर्जाची पाळी माझी होती. मी अध्यक्ष सत्यशीलाला सांगितलं, माझी जागा सुनेला द्या, तिच्या नावाची बी नोंद होऊ दे; मी आता शेळ्या राखते.

सत्यशीलाने अर्ज पुढे सरकवला. राधिकाने पेन उचललं, आणि सहीच्या रेघेवर नेलं.

"थांब," मी म्हणाले. "आधी वाच."